पितृपक्षातले चार हजार डॉलर

सासुरवाडीच्या पानावर बसून नव्या जावयानं काय काय बोलू नये, याची यादी मला कुणी दिली नव्हती. दिली असती तरी विलायतेचा पौंड तिच्यात असता असं वाटत नाही. तेवढं एक कलम मी स्वतःच्या अनुभवानं घातलं.

मध्यभारत राज्य होऊन सव्वा वर्ष झालं होतं, म्हणजे साल एकोणपन्नास. भाद्रपदातला रविवार होता, इंदूरला मल्हारगंजात सासऱ्यांकडे बाफल्यांचं, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं जेवण होतं, आणि चौथा बाफला तुपात बुडवत असताना सासरे म्हणाले, "जावईबापू, उद्या तुमच्या बँकेत यावं म्हणतो. ते डॉलरचं आजच्या भावात बांधून टाकू."

त्यावर मी जे बोललो ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं, कारण घरातल्या कुणी ते मला विसरू दिलेलं नाही. मी म्हणालो, "दादासाहेब, उगाच वरचे पैसे कशाला भरता? पौंड पडत नसतो. तिकडचे अर्थमंत्री स्वतः सांगतायत."

बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर बसून मला तेव्हा चार महिने झाले होते. चार महिन्यांत माणसाला किती कळतं, हे कळायला पुढं बरीच वर्षं लागतात. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणाले, "मग राहू द्या," आणि सोमवारी ते आले नाहीत.

त्यांचं प्रकरण असं होतं. होळकर सरकारच्या पुरवठा खात्यात त्यांनी उभी हयात काढलेली. संस्थान विलीन झालं, पेन्शनचे कागद ग्वाल्हेरला गेले, आणि ग्वाल्हेरला गेलेला इंदूरचा कागद परत येतो यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी पेन्शनचा मोठा भाग विकून एकरकमी तीस हजार घेतले. पोलोग्राउंडला एक शेड भाड्यानं घेतली आणि बनियनचं कापड विणणारी चार अमेरिकन मशिनं मागवली. एकेक मशीन दोन हजार डॉलरचं. आयातीचा परवाना हातात होता. मशिनं ऑक्टोबरात जहाजावर चढणार, कागदपत्रं नोव्हेंबरात बँकेत येणार, आणि त्या दिवशी आठ हजार डॉलर भरायचे.

शंभर डॉलरला तेव्हा तीनशे एकतीस रुपयांच्या आसपास पडत. म्हणजे साडेसव्वीस हजार मशिनांचे, उरलेल्यात मोटर, सूत आणि शेडचं भाडं. सगळं अगदी काठोकाठ. ज्याला नोव्हेंबरात डॉलर लागणार आहेत त्याला आजच भाव बांधून मिळत असे. शेकड्यामागं थोडे वरचे पैसे आणि काही अनामत भरली की पुढं जगात काही होवो, आपला भाव ठरलेला. हे वरचे थोडे पैसे मी सासऱ्यांचे वाचवले होते.

आमच्या टेबलाचे मुख्य होते त्यांना सगळी बँक बडे बाबू म्हणे. पन्नाशीचे, मराठीच, पण तीन पिढ्या माळव्यात, त्यामुळं भाऊऐवजी भिया म्हणणारे. त्यांचा संशय ही बँकेची एक मालमत्ता होती. कोरा चेक समोर आला तरी ते उजेडात धरून पाहत. पौंडाच्या बातम्यांची कात्रणं चिकटवायची एक वही मी करत होतो. मंत्र्यांनी इन्कार केला की मी ते कापून चिकटवी. जुलैपासून वही बरीच जाड झाली होती. त्या सोमवारी मी ती अभिमानानं त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी पानं उलटली. "भिया, हे काय जमवलंय?"

"इन्कार. इतक्या वेळा नाही म्हणालेत."

"तुझ्या घरी रोज सकाळी कुणी येऊन सांगितलं की तुमचं छप्पर पडणार नाही, तर तू काय करशील?"

"काय करणार?"

"खाट बाहेर काढशील," ते म्हणाले. आणि मग टेबलावरचा टाक बाजूला ठेवून त्यांनी मला जे समजावलं ते त्या चार महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"देखो, आपला रुपया पौंडाला बांधलाय. अठरा पेन्स. पौंड डॉलरला बांधलाय, चार डॉलर तीन सेंट. ही गाठ धरून कोण बसलंय? लंडनची सरकारी बँक. कशाच्या जोरावर? तिच्याकडच्या सोन्याच्या अन् डॉलरच्या साठ्यावर. पौंड घेऊन डॉलर मागायला जो रीतसर येईल त्याला त्याच भावानं द्यायचे. देता येतायत तोवर भाव खरा. साठा आटला की गाठ सुटली. आपल्याला इथं डॉलर मिळतात ते बी त्याच साठ्यातून."

"पण साठा आहे की."

"किती आहे?"

मला माहीत नव्हतं.

"तीन महिन्यांतून एकदा आकडा छापतात. जुलैत छापला तो घसरलेला होता. त्यानंतर सगळ्या देशांनी डॉलरचा माल कमी मागवायचा ठरवलं, आपल्याकडं नवे परवाने आवळले. भरलेल्या घरात कुणी वाढपी आवरतं घेत नाही. पुढचा आकडा ऑक्टोबरात. तोवर पातेल्यावर झाकण."

"मंत्री खोटं बोलतील?"

"बोलतीलच. त्यांचं कामच आहे यार ते. 'हो, पुढच्या महिन्यात पाडतो' असं म्हणाले तर दुपारपर्यंत साठा साफ. पाडायचा नसेल तर नाही म्हणणार, पाडायचा असेल तरी नाहीच म्हणणार. मग त्या 'नाही'चं वजन किती? तुझ्या वहीतल्या डिंकाएवढं."

मी वही मिटली. तरी माझ्या मनात आलं, ह्या माणसाला सगळ्यांचाच संशय येतो, पौंडाचा आला त्यात नवल काय. ते त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी एक फाईल माझ्याकडं सरकवली. सियागंजातल्या एका व्यापाऱ्याची होती. तो माळव्याची खसखस अमेरिकेला पाठवी आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये येत. दर महिन्याला तो आमच्या काउंटरवर येऊन अमेरिकेचे पैसे आले का म्हणून भांडायचा, एकदा तर त्यानं मला चोर म्हटलं होतं.

"हा शेवटचा कधी आला होता?" बडे बाबूंनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. महिना झाला होता. फाईलमध्ये त्याच्या एका पत्राची प्रत होती : अमेरिकेतल्या खरेदीदाराला त्यानं कळवलं होतं की पैशांची घाई नाही, ऑक्टोबरअखेर दिलेत तरी चालतील. नियमानं जेवढी मुदत मिळते तेवढी सगळी त्यानं घेतली होती.

"हा माणूस," बडे बाबू म्हणाले, "स्वतःचे पैसे उशिरा द्या म्हणून लिहितो. याला साधू झाला म्हणायचं का? पौंड पडला की रुपया पडणार, अन् त्याच डॉलरचे जास्त रुपये येणार. थांबण्यात त्याचं जात काय? पौंड वर तर जाणार नाही. गेला तर खाली, नाहीतर आहे तिथं. ज्यांना डॉलर मिळायचेत ते सगळे थांबलेत. ज्यांना द्यायचेत ते सगळे आजच द्यायला धावतायत. म्हणजे साठ्यात येणारं बंद अन् जाणारं दुप्पट. पडणार म्हणून लोक असं करतात, अन् लोक असं करतात म्हणून पडतो."

खसखसवाल्यानं मला चोर म्हटलं तेव्हा जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा तो गप्प बसल्याचा बसला. पण ह्या फाईलचं बाहेर अवाक्षर काढायचं नव्हतं. गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकाची. सासऱ्यांना फक्त एवढंच सांगता येणार होतं की मी रविवारी बोललो ते चूक होतं.

हे सांगायचं धैर्य गोळा करायला मला चार दिवस लागले. मी मल्हारगंजात सायकल टेकवली तेव्हा पौर्णिमा उलटून पितृपक्ष लागला होता.

सासरे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "दादासाहेब, ते डॉलरचं बांधून टाकलेलं बरं."

"रविवारी म्हणालात गरज नाही."

"हो. पण आता आहे."

"चार दिवसांत?"

"बडे बाबू म्हणतात—"

"हां." त्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, क्लॉथ मार्केटात दोन भागीदारांची दुकानं असतात ना. धाकटा म्हणतो, घेऊ नका, महाग आहे. आपल्याला वाटतं काय सच्चा माणूस. मग थोरला येतो अन् म्हणतो, उद्या हे पण मिळणार नाही. आपण दोन ठाण घेऊन बाहेर पडतो. तुमच्या बँकेत धाकटं कोण अन् थोरलं कोण?"

"दादासाहेब, मी तुमचा जावई आहे."

"म्हणूनच विचारतोय. बँकेला यात किती सुटतं?"

मी खरं ते सांगितलं. बँक स्वतःच्या अंगावर काही ठेवत नाही, आपल्याला विकलेले डॉलर ती त्याच दिवशी मुंबईहून आपल्यासाठी बांधून घेते, मधे तिचा थोडा फरक राहतो. "म्हणजे सुटतं," ते म्हणाले. खरं बोलून माणूस एवढा चोर कधी दिसला नसेल.

मग ते उठले, पंचांगाकडं बोट दाखवलं. "आणि आता पितृपक्ष. पंधरा दिवस नवीन करार नाही, सही नाही. घटस्थापनेला बघू."

घटस्थापना दोन आठवड्यांवर होती. चार दिवसांपूर्वी मी गप्प बाफले खाल्ले असते तर सोमवारी, पौर्णिमेच्या आधी, सगळं होऊन गेलं असतं. परत येताना सायकलची घंटासुद्धा मला टोमणा मारल्यासारखी वाटली. घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. खसखस वगळून. ती ऐकून घेत होती आणि भाजी निवडत होती.

पुढचा आठवडा मी वर्तमानपत्रं वाचायला भीत होतो. इन्कार छापून आला की वाटे आता पडणारच, नाही आला तर वाटे आजच पडला.

दुसऱ्या शनिवारी सकाळी बँक उघडली आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून सासरे आत आले. डोक्याला पगडी, काखेत परवान्याचा लखोटा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. माझ्याकडं न बघता ते सरळ बडे बाबूंसमोर बसले. मग वर्तमानपत्र टेबलावर पसरलं.

"हे तुम्ही वाचलंत?"

पुन्हा तीच बातमी होती, पौंडाच्या भावात बदल नाही.

"रोजच वाचतो साहेब."

"मी हे लिहिलंय," सासरे म्हणाले.

बडे बाबूंनी त्यांच्याकडं ते कोरा चेक बघतात तसं पाहिलं.

"म्हणजे असंच. लढाईच्या दिवसांत. गव्हाचा भाव सरकारनं बांधला होता. माझ्याकडं गोदाम होतं. येईल त्याला त्या भावानं गहू द्यायचा असा हुकूम. गोदाम भरलेलं होतं तोवर लोक लागेल तेवढाच नेत. गोदाम निम्म्यावर आलं हे बाहेर कळलं, अन् ज्यांच्या घरी सहा महिन्यांचा होता ते पण पिशव्या घेऊन उभे. मग मी नोटीस लावली. साठा भरपूर, भाव तोच राहील, अफवांवर विश्वास ठेवू नये. तीन नोटिसा लावल्या. तिसरी लावली तेव्हा नवा भाव माझ्या टेबलाच्या खणात होता."

"एकेक पैसा करून का नाही वाढवला?" मी विचारलं. मला त्या दिवशी अक्कल फार नव्हती.

"एक पैसा वाढवला असता तर दुसरा येणार हे अख्ख्या इंदूरला कळलं असतं. त्याच संध्याकाळी गोदाम झाडून नेलं असतं. वाढवायचा तर एकदम अन् दुकानं बंद असताना." त्यांनी पगडी काढून मांडीवर घेतली. "सुट्टीच्या दिवशी वाढवला आम्ही. लोकांनी माझ्या नावानं बोटं मोडली. बरोबरच होतं त्यांचं."

बडे बाबूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सासऱ्यांनीही पाहिलं.

"आठ हजार ना?" बडे बाबूंनी अर्ज पुढं ओढला.

"चार," सासरे म्हणाले. "दोन मशिनांचे आता. दोन घटस्थापनेला."

"दादासाहेब," मी म्हणालो.

"पितृपक्ष आहे. जुनी ऑर्डर आहे म्हणून निम्म्याची सही करतो. सगळ्याची नाही."

बडे बाबूंनी त्यांना समजावलं, ऑर्डर श्रावणातली, परवाना त्याच्याही आधीचा, यात नवीन काही नाही. सासरे ढिम्म. शेवटी बडे बाबूंनी चार हजारांचा अर्ज भरला, आणि मला म्हणाले, "भिया, तू ह्या कागदाला बोट लावू नको. तुझा सासरा आहे. उद्या कुणी विचारलं तर तुझं अक्षर यावर नको." मी हात मागं बांधून उभा राहिलो.

आमच्या शाखेला डॉलरचा भाव स्वतः देता येत नसे. मुंबईच्या मुख्य कचेरीला तार करायची, तिकडून भावाची तार आली की सौदा पक्का. शनिवारी बँक अर्धा दिवस. तार दहाच्या आत गेली. अकरा वाजले. सासरे बाकावर पगडी मांडीवर घेऊन बसले होते आणि दर पाच मिनिटांनी माझ्याकडं असे बघत की तार मीच कुठं अडकवून ठेवलीय. साडेअकराला बडे बाबू म्हणाले, मुंबईत आज सगळेच विचारत असतील. बारा वाजायला काही मिनिटं असताना तारवाला आला. तीनशे बत्तीसच्या जवळचा भाव होता. सासऱ्यांनी सही केली, अनामत भरली, पावती दोनदा वाचली, आणि मग ती बडे बाबूंना परत वाचायला लावली.

सोमवारी सकाळी शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकलं. पौंड चार डॉलर तीन सेंटांवरून दोन डॉलर ऐंशी सेंटांवर. रुपया पौंडाबरोबर. बँकेत पोचलो तर मुंबईची तार येऊन पडली होती, कुणालाही कसलाही भाव देऊ नये. पुढं भाव सुरू झाले तेव्हा शंभर डॉलरला चारशे शहात्तर रुपये होते. खसखसवाला त्याच आठवड्यात हसत आला आणि मला पेढा दिला.

सासऱ्यांच्या दोन मशिनांचे साधारण पावणेसहा हजार वाचले. उरलेल्या दोन मशिनांना तेवढेच जास्त पडणार होते आणि ते त्यांच्याकडं नव्हते. ती ऑर्डर थोडा दंड भरून रद्द केली. चार मशिनांची शेड दोन मशिनांवर सुरू झाली. पोलोग्राउंडला जाऊन मी ती रिकामी राहिलेली अर्धी फरशी पाहिली, आणि माझा तो चौथा बाफला मला आठवला.

पण पैशापेक्षा वाईट प्रकार महिनाभरानं झाला. मुंबईच्या कचेरीतून एक तपासणी अधिकारी आले. शनिवारी, अगदी आदल्या दिवशी, कुणी कुणी डॉलर बांधले याची यादी त्यांच्याकडं होती, आणि आमच्या शाखेतून एकच नाव होतं. ते एका कारकुनाच्या सासऱ्यांचं होतं.

त्यांनी मला समोर बसवलं. बातमी कुठून मिळाली? मी म्हणालो, कुठूनच नाही. मग शनिवारच का? मी म्हणालो, वर्तमानपत्रातला इन्कार वाचून. माझी कात्रणांची वहीही त्यांनी मागवली. प्रत्येक इन्कार तारखेनिशी चिकटवलेला. ते पान उलटत होते तसतसा मी स्वतःलाच संशयित वाटू लागलो. माझ्या जागी ते असते तर मी त्यांना सोडलं नसतं.

शेवटी बडे बाबू मधे पडले. "साहेब, ऑर्डर आठ हजारांची आहे. परवाना आठ हजारांचा आहे. ज्याला आतली बातमी असेल तो चार हजारच का बांधेल?"

अधिकाऱ्यांनी कागद पाहिले. "का बांधले मग चारच?"

"पितृपक्ष होता," मी म्हणालो.

ते हसले नाहीत, पण त्यांनी टाक टेबलावर ठेवला. घटस्थापना कधी होती ते त्यांनी बडे बाबूंना विचारलं, कॅलेंडरवर खात्री करून घेतली, आणि अहवालात तसं लिहिलं. माझी नोकरी वाचली.

संध्याकाळी घरी येऊन मी बायकोला म्हणालो, दादासाहेबांच्या पितरांनी आज मला वाचवलं. निम्म्याची सही केली म्हणून सुटलो, सगळ्याची केली असती तर गेलो होतो.

ती पोळी लाटत होती. "पितरांचा काय संबंध," ती म्हणाली. "त्या सहीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले होते ना, तेव्हा दादांनी विचारलं, तुझ्या नवऱ्याचं किती ऐकू? मी म्हटलं, निम्मं."